इंजिनिअरकाकांचा मुका साउंडबार

इंजिनिअरकाका इंजिनिअर नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं त्यांनी खिडकीतून नटबोल्ट दिले. खरे इंजिनिअर चिठ्ठी घेऊन यायचे. काका चिठ्ठी वाचायचे, "हा बोल्ट तिथे बसायचा नाही" असं सांगायचे आणि मग बोल्ट द्यायचे. तो बसायचा. पण काकांनी आधी सांगितलेलं असायचंच.

निवृत्तीनंतर खिडकी गेली, सांगण्याची खोड राहिली. बिल्डिंगमध्ये कुणाचा फ्रिज घरघरला, कुणाचा गीझर टपकला की मेकॅनिकच्या आधी काका हजर, पाठीमागे हात बांधून. त्यांनी लिफ्टबद्दल एकदा असा काही सल्ला दिला की लिफ्ट तीन आठवडे बंद होती. तरी लोक त्यांना इंजिनिअरकाकाच म्हणत राहिले. लोकांना काय, फुकट मिळालं की झालं.

मी फिटर आहे. टीव्ही आणि साउंडबार विकणाऱ्या दुकानातर्फे घरोघरी जाऊन ते बसवते. अठरा वर्षं झाली. भिंतीला किती छिद्रं पाडली याचा हिशेब नाही, आणि दार उघडल्यावर "फिटर कुठाय?" असं किती जणांनी विचारलं याचाही नाही.

काकांनीही तेच विचारलं.

"फिटर कुठाय?"

"मीच."

त्यांनी माझ्या मागे जिन्यात डोकावून बघितलं. कुणी पुरुष निघतोय का म्हणून. मग म्हणाले, "बरं. या. मी सांगतो तसं करा."

मी मनात म्हटलं, आलं का परत माझ्या नशिबी.

प्रकरण असं होतं. साउंडबार त्यांच्या परदेशातल्या मुलीने पाठवला होता, आईसाठी. काकूंना ऐकू कमी येत होतं. अगदीच येत नव्हतं असं नाही. समोर बसून, तोंडाकडे बघत बोललं की बरोबर समजायचं. पण टीव्हीतली माणसं भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्यासारखी वाटायची. फोनवरचं बोलणंही काकाच ऐकून सांगायचे. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून ते ड्रॉवरमध्ये होतं. हल्लीचे टीव्ही पापडासारखे पातळ, त्यांचे स्पीकर मागे नाहीतर खाली तोंड करून बसवलेले. साउंडबारचे स्पीकर समोर बघतात, आणि या बारमध्ये बोलणं उठून ऐकू येईल अशी एक सोयही होती. मुलीने नीट चौकशी करून घेतला होता. दुकानाची अट एकच: नीट चालत नसेल तर दहा दिवसांत परत. दहा दिवसांनंतर काही ऐकून घेणार नाही.

काकांनी "फिटर कशाला, मी आहे ना" म्हणून बार स्वतः जोडला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला, "तुमचा माल मुका आहे."

मी बघितलं तर बार टेबलावर, टीव्ही बरोबर वर भिंतीवर. मध्ये दीड हाताचं अंतर. आणि केबल? केबल दिसेचना. ती टीव्हीच्या मागून पट्टीत शिरून छताकडे गेलेली, छताच्या कडेने कोपरा गाठून, दाराच्या चौकटीवरून खाली उतरून, सोफ्यामागून फिरून टेबलापर्यंत आलेली. पंधरा मीटर! दीड हातासाठी पंधरा मीटर. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

"केबल दिसू नये," काका म्हणाले. "आणि ही साधी नाही, फायबरची आहे. प्रकाशाच्या वेगाने जाते."

"जाते खरी काका. पण येत नाही."

"म्हणजे?"

मी त्यांना टोक दाखवलं. अशा केबलला दिशा असते. एका टोकावर यंत्राचं नाव, दुसऱ्यावर पडद्याचं. चित्र यंत्राकडून पडद्याकडे धावतं, ते तिला छान जमतं. पण इथे उलटं हवं. आवाज टीव्हीकडून खाली बारकडे आला पाहिजे. एआरसी म्हणतात ते तेच, परतीचा आवाज. एरवी टीव्हीत आत जाणाऱ्या केबलमधूनच आवाज माघारी आणायचा. काही फायबर केबलींमध्ये त्यासाठी वेगळी तार घालतात. या केबलमध्ये नव्हती. खोक्यावर तसं काही लिहिलेलंही नव्हतं. काकांनी खोक्यावर फक्त "सर्वोत्तम" वाचलं होतं.

"आणि बारच्या खोक्यात आलेली केबल कुठाय?"

"ती? ती आखूड होती. हलकी. ती मी ठेवून दिली."

ड्रॉवरमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेली. मी ती काढली. आणि टीव्हीच्या मागे हात घातला, तर काकांची केबल एक नंबरच्या भोकात.

"काका, इथे चार पोर्ट आहेत. एआरसी एकाच पोर्टवर लिहिलंय. दोन नंबरवर."

"एक नंबर सोडून दोन नंबरात घालायची?"

"टीव्हीवाल्याने तिथे लिहिलंय, मी नाही."

आखूड केबल घेतली, एक टोक टीव्हीच्या एआरसीत, दुसरं बारच्या एआरसीत. मग रिमोट घेतला. दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं एक सेटिंग असतं, ते बंद होतं, ते चालू केलं. मग आवाजाचा मेनू. आवाज कुठून काढायचा, तर "टीव्ही स्पीकर" वर होतं. ते "एचडीएमआय एआरसी" वर आणलं. हे न बदलता जगातली कुठलीही केबल लावा, बार गप्पच राहणार. टीव्ही आपल्या पिचक्या स्पीकरवर बोलत बसणार. आवाजाचा प्रकार साधा, पीसीएम ठेवला, म्हणजे बारला कळणार नाही असं काही जायला नको.

एवढा वेळ काका माझ्या खांद्यावरून बघत होते. मधेच त्यांनी रिमोट मागितला, "मी दाखवतो," म्हणाले आणि चॅनल शोधायच्या मेनूत आवाज शोधत बसले. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकायचं बाकी. मी रिमोट परत घेतला.

बार बोलला. बातम्या देणारी बाई खणखणीत. सोफ्याच्या टोकाला बसलेल्या काकू इतका वेळ आमची तोंडं बघत होत्या, त्या एकदम ताठ बसल्या.

"अगं बाई! ही तर मराठी बोलते!"

मला हसू आलं. काकांना आलं नाही. ते काकूंना म्हणाले, "आता तुला मी काय सांगू?" मला वाटलं, कौतुकाने म्हणाले. अठरा वर्षं घरोघरी फिरूनही मी कधी कधी मठ्ठच असते.

चौथ्या दिवशी पुन्हा तक्रार. बार मुका.

गेले. केबल जागच्या जागी, एआरसी ते एआरसी. मेनू उघडला तर आवाज परत "टीव्ही स्पीकर" वर.

"वीज गेली होती," काका म्हणाले.

तसं होतं खरं कधी कधी. वीज गेली-आली की ही दोन यंत्रं एकमेकांना ओळख देईनाशी होतात. दोन्हींचे प्लग काढून दोन मिनिटं थांबलं की शुद्धीवर येतात. मी तेही केलं, सेटिंगही बदललं आणि जास्त विचार केला नाही.

काकूंनी मला चहा दिला आणि शेजारी बसवून घेतलं. त्या खुशीत होत्या.

"तू गेलीस ना त्या दिवशी, संध्याकाळी मी माझी मालिका बघितली. अगं, तिच्यातला तो मामा मेलेलाच नाही!"

"म्हणजे?"

"मला हे सांगायचे ना. ती काय म्हणाली, तो काय म्हणाला. दोन वर्षं. मागच्या वर्षी म्हणाले, मामा अपघातात गेला. मी रडले होते गं त्याच्यासाठी. आणि परवा बघते तर मामाला फोन लावतायत! तो परदेशात गेलाय. आणि ती मोठी सून, ती दुष्ट नाहीच. दुष्ट तर सासू आहे. दोन वर्षं मी चुकीच्या बाईला शिव्या दिल्या!"

मी एवढी हसले की चहा सांडला. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. म्हणाले, "मालिकेला काय अर्थ असतो? मी सार सांगायचो."

"तुमच्या सारात माणूस मारला तुम्ही," काकू म्हणाल्या.

"तो बोलायचाच फार. रोज रोज काय सांगत बसू?"

आता सांगा, माणूस कंटाळा आला म्हणून मामा मारतो! मी जिन्यात उतरेपर्यंत हसत होते. पण सांगणाऱ्याचं दुकान बसलं की त्याला काय वाटतं, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

आठव्या दिवशी तिसरी तक्रार. या वेळी काकांनी दुकानात लेखीच दिलं: माल सदोष, परत घ्या. मी नवव्या दिवशी सकाळी गेले. माझ्या हातात दोन कागद होते. एक काम पूर्ण झाल्याचा, एक माल परत घेतल्याचा. दुसऱ्यावर सही झाली की बार खोक्यात जाणार आणि काकू पुन्हा काकांच्या सारावर. नवीन घेऊ म्हणायला मुलगी तिकडे लांब, तिलाही काका सांगणार, "आईला काही उपयोग झाला नाही."

काकांनी खोकं आधीच काढून ठेवलं होतं. थर्माकोलसकट.

"न्या. सही करतो मी. मुलीला मी कळवलंय."

काकू सोफ्यावर. टीव्ही चालू होता, कुणीतरी काहीतरी पुटपुटत होतं, आणि त्या पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी मेनू उघडला. आवाज "टीव्ही स्पीकर" वर. शिवाय यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं ते सेटिंगही बंद. ते दुसऱ्याच पानावर असतं, तीन दरवाजे आत.

"वीज गेली होती?"

"व्होल्टेज. व्होल्टेज कमीजास्त झालं की सेटिंग पलटतं."

"व्होल्टेजला मेनू वाचता येतो का हो, काका?"

"तुम्हाला थिअरी नाही माहीत."

माझं डोकं सणकलं. पण अशा माणसाशी भांडून काही मिळत नाही. त्याला विचारायचं. विचारलं की तो सांगतोच.

मी चेहरा पाडला. "काका, एक सांगता? या मॉडेलचा आवाज कुठून बदलतात, मी सारखी विसरते. दाखवता जरा?"

काकांनी रिमोट घेतला. चष्मा टेबलावरच होता, त्याला हातही लावला नाही. बटण, खाली, खाली, उजवीकडे, बटण. चार-पाच टिचक्यांत बरोबर त्या ओळीवर. आठवड्यापूर्वी हाच माणूस चॅनलच्या मेनूत आवाज शोधत होता.

शेवटच्या टिचकीला त्यांच्या लक्षात आलं. अंगठा तिथेच थांबला.

"छान," मी म्हटलं. "सराव आहे."

काकांचे कान लाल झाले. मी त्यांच्या हातून रिमोट घेतला, दोन्ही सेटिंगं बदलली, बार बोलायला लागला. माल परत घेतल्याचा कागद मी पिशवीत घातला.

"बार चांगला आहे. मी नेणार नाही."

चोरी उघडी पडली की माणूस दोन गोष्टी करतो, रागावतो नाहीतर जास्तच हुशारी दाखवतो. काका दुसऱ्या जातीचे. दोन मिनिटं गप्प बसले असते तर बरं झालं असतं त्यांच्यासाठी. पण नाही! खिशातून फोन काढला.

"नुसत्या चॅनलवर तपासून उपयोग नाही. फोन टीव्हीवर दाखवता येतो, तुम्हाला येतं का ते? बघा." आणि त्यांनी फोनचा पडदा टीव्हीवर आणला. ते मात्र त्यांना खरंच येत होतं. मुलीने पाठवलेला नातवाच्या नाचाचा व्हिडिओ लावला. चित्र टीव्हीवर, आवाज टीव्हीतून खाली बारमध्ये. नातू काहीतरी ओरडत गोल फिरत होता.

"आजी आजी म्हणतोय!" काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "हा मला आजी म्हणतो? मला वाटायचं नुसता हसतो."

मग त्या म्हणाल्या, "माझ्या वाढदिवसाचा लावा ना. तिने पाठवलेला."

"तो गेला. पुसला गेला," काका म्हणाले.

"काल तर दाखवलात मला."

"कालच गेला."

काकूंनी हात पुढे केला आणि त्यांच्या हातातून फोन घेतला. एवढ्या सहज घेतला की काका अडवायचं विसरले. त्यांना व्हिडिओ शोधायला वेळ लागला नाही. रोज बघत होत्या, आठ महिने. मला म्हणाल्या, "ती शुभेच्छा देते आणि केक खा म्हणते. ह्यांनी सांगितलंय मला. तिचं तोंडच बघत बसते मी."

पडद्यावर त्यांची मुलगी आली. स्वयंपाकघरात उभी, केस ओले. आणि बारमधून तिचा आवाज आला, प्रत्येक शब्द सुटा.

"आई, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा. आई, मी बाबांना चार वेळा विचारलं, तुला तीन महिने माझ्याकडे पाठवा म्हणून. तिकीट मी काढते म्हटलं. ते म्हणतात, तूच नको म्हणतेस. तुला माझ्याकडे यायचं नाही का गं? माझं काही चुकलं का? चुकलं असेल तर रागाव माझ्यावर. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

आणि मुलगी थांबून, उत्तराची वाट बघत असल्यासारखी, बघत राहिली. व्हिडिओ संपला.

मी कधी घरगुती भानगडीत पडत नाही. पण मला तेव्हा त्या माणसाला खोक्यात घालून वर थर्माकोल दाबून बसवावंसं वाटलं.

काकू म्हणाल्या, "यावर मी रोज मान हलवायचे. हसून." मग काकांकडे वळल्या. "ती विचारतेय माझं चुकलं का, आणि मी हसतेय."

"तुला झेपलं नसतं," काका म्हणाले. आवाज खाली गेलेला. "एवढा प्रवास. डॉक्टरच म्हणाले होते, नको म्हणून."

"डॉक्टर काय म्हणाले ते मीच जाऊन विचारेन. फोन लावून द्या मला मुलीचा. टीव्हीवर लावा, मोठ्याने." मग जरा थांबून, "आणि माळ्यावरची बॅग काढा."

काका हलले नाहीत. टेबलाचा काठ धरून उभे होते. इंजिनिअरकाका नव्हे, नुसता एक म्हातारा माणूस.

"तू गेलीस तर मी कुणाशी बोलू?" ते म्हणाले. "तीन महिने इथे एकटा मी काय करू?"

काकूंनी माझ्याकडून काम पूर्ण झाल्याचा कागद मागून घेतला, मांडीवर ठेवून सही केली आणि रिमोट नवऱ्याच्या हातात दिला.

"टीव्ही बघा," त्या म्हणाल्या. "आता आवाज छान येतोय."